एका नाईटीचा हिशेब

आमच्या गावच्या दशावतारी मंडळाचा अनुदानाचा अर्ज माझ्याकडे आला तेव्हा तो जवळजवळ लिहून झालेला होता. मालकांच्या भाच्याने कॉलेजात बसून टाइप केलेला, दोन पानी, ठसठशीत. मी पंचायत समितीत लिपिक होते, निवृत्त झाले, आणि निवृत्त लिपिकाकडे गाव दोन गोष्टींसाठी येतं: सातबाऱ्याची नक्कल कुठे मिळते हे विचारायला आणि ‘जरा नजर फिरव’ म्हणायला. मालक दुसऱ्या कामासाठी आले होते.

पहिलंच वाक्य असं होतं: ‘सुमारे आठशे वर्षांची उज्ज्वल परंपरा लाभलेली, परंतु आज लोप पावत चाललेली कोकणची दशावतार ही लोककला…’ पुढे दीड पान हेच. संस्कृती, वारसा, पुढची पिढी, मोबाइलचं आक्रमण. शेवटी मागणी होती, रुपये दहा लाख फक्त.

सरकारी कागद टेबलाच्या या बाजूने वाचण्यात माझी नोकरी गेली. त्यामुळे मला पहिल्यांदा दिसतो तो कागद वाचणारा माणूस. अर्ज मंत्र्यांच्या नावे असो की संचालकांच्या, तो आधी येतो एका लिपिकाच्या हातात. त्याच्याजवळ छाननीची यादी असते, समोर गठ्ठा असतो. तो पत्र वाचत नाही, पत्रात शोधतो. नोंदणी क्रमांक आहे का, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आहेत का, सही अधिकार असलेल्याची आहे का, रक्कम कशासाठी मागितली आहे. ज्याचं उत्तर सापडत नाही त्याच्यापुढे तो फुली मारतो. आठशे वर्षांपुढे त्याला काहीच करता येत नाही, कारण त्याच्या यादीत तसा रकानाच नसतो. शिवाय त्या गठ्ठ्यातला प्रत्येक अर्ज आपली कला आठशे वर्षांची आणि लोप पावणारी आहे असंच सांगत असतो.

आणि मुळात ते खरंही नव्हतं. सिंधुदुर्गात दशावतार लोप पावतोय असं म्हणणाऱ्याने त्रिपुरी पौर्णिमेनंतर इथल्या कुठल्याही जत्रेत रात्री अकरा वाजता जाऊन बसायला जागा शोधून दाखवावी. कार्तिकात सुरू झालेला हंगाम पावसाच्या तोंडापर्यंत चालतो. मुंबईहून चाकरमानी रजा टाकून येतात. गोव्यात पेडण्याकडे ‘कालो’ म्हणून हाच खेळ रंगतो. लोक आहेत, रात्री आहेत, नट आहेत. मग अडलंय कुठे? हे मी मालकांना विचारलं तेव्हा त्यांनी सुपारी कातरता कातरता जे उत्तर दिलं, त्यातच सगळा अर्ज होता.

“नायटी कमी नाय गो बाय. पैसो उरणा नाय.”

मी म्हटलं, हेच लिहायचं. पण ‘उरणा नाय’ हे दाखवायला एका रात्रीचा हिशेब लागेल.

हिशेब त्यांच्या डोक्यात होता, कागदावर कुठेच नव्हता. हळूहळू काढला. आमचं मंडळ लहान. नऊ नट, हार्मोनियम, मृदंग आणि झांज वाजवणारे तिघे, आणि पेटारे सांभाळणारा एक, अशी तेरा माणसं. एका रात्रीचा प्रयोग म्हणजे एक ‘नाईट’, आणि मंडळाला मिळणाऱ्या पैशालाही नाईटच म्हणतात. मंडळाची नाईट सरासरी 15,000 रुपये. त्यातून टेम्पोचे 2,800 जातात. तेरा माणसांचे, कुणाला जास्त कुणाला कमी, मिळून 9,100. रंग, पिना, वाद्यांची किरकोळ डागडुजी धरून 300. जेवण गाव घालतो, मांडव-दिवे देवस्थानचे. मालकांच्या हातात राहतात 2,800. हंगामात अशा साधारण 80 नाईटी होतात, म्हणजे 2,24,000. ऐकायला बरी रक्कम आहे.

आता यातून काय काय जातं ते पहा. सगळ्यात आधी उचल. गणेशचतुर्थीच्या सुमारास, म्हणजे पहिली नाईट व्हायच्या अडीच-तीन महिने आधी, नटांना आगाऊ पैसे द्यावे लागतात. पावसाळाभर घर बसलेलं असतं, चतुर्थीचा खर्च समोर असतो, आणि ज्याच्याकडून उचल घेतली त्याच्याच मंडळात नट हंगामभर उभा राहतो. ती दिली नाही तर बाईची कामं करणारा चांगला स्त्रीपार्टी नट दुसऱ्याच्या पेटाऱ्यामागून चालू लागतो. आमच्या मंडळात चार लाखांची उचल जाते आणि मालक ती पतसंस्थेतून 14 टक्क्यांनी काढतात. उचल हंगामात नाईटीमागे वळती होते, पण तोवरचं व्याज मालकाच्या अंगावर पडतं, ते अंदाजे 28,000. वेशभूषेची दुरुस्ती आणि भर 40,000. पेटारे ठेवायच्या खोलीचं भाडं 12,000. नोंदणी, लेखापरीक्षण, धर्मादाय कार्यालयाच्या फेऱ्या मिळून 15,000. उरले 1,29,000. मालकाच्या घरातली पाच माणसं वर्षभर यावर. हार्मोनियमचे सूर बसले म्हणून नवी घ्यायची तर ती या पैशातून येणार कशी?

हा हिशेब कागदावर उतरला आणि मालक थोडे गप्प झाले. मग म्हणाले, “ह्या सरकाराक सांगूचा?” लाज वाटत होती त्यांना. राजाचा मुकुट घालून आयुष्य काढलेल्या माणसाला आपली शिल्लक परक्या साहेबाला दाखवणं जड जातं, हे मला समजलं. पण दीड पान संस्कृतीवर लिहिण्यापेक्षा या दहा ओळी कितीतरी जास्त सांगत होत्या.

त्या दहा लाखांत काय काय होतं तेही ऐकण्यासारखं आहे. अर्धे पैसे होते ट्रिकसीनसाठी. गेल्या काही वर्षांत आमच्याकडे ट्रिकसीनवाल्या नाटकांना फार मागणी आहे. धुरातून देवी प्रकटते, रंगमंचावर नाग फिरतो, मुंडकं उडतं आणि बोलतं. त्याला दिवे लागतात, यंत्रं लागतात, ती चालवणारी पोरं लागतात, आणि त्या मंडळांची नाईटही आमच्या दुप्पट-तिप्पट असते. भाच्याचं म्हणणं, आपणही घेऊ. मला वाटलं, आणि मी स्पष्ट बोलले, की पारंपरिक कला टिकवायला पैसे द्या असं वरती लिहायचं आणि खाली धुराच्या यंत्राचं कोटेशन जोडायचं, हे छाननीतला माणूस दोन मिनिटांत पकडेल. ट्रिकसीनला माझा विरोध नाही, लोक हसतात, घाबरतात, टाळ्या देतात. पण आमच्या मंडळाकडे दाखवण्यासारखं जे आहे ते वेगळंच आहे.

ते म्हणजे आडदशावतार. मुख्य आख्यानाच्या आधी गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, भटजी येतो, सरस्वती येते, मग वेद चोरणारा काळा संकासुर मालवणीतून लोकांची फिरकी घेत उभा राहतो आणि शेवटी विष्णू त्याला मारतो. पुष्कळ मंडळं हा भाग आता आटोपता घेतात, कारण प्रेक्षकाला आख्यानाची घाई असते. आमचे मालक अजून पूर्ण करतात. त्यांच्या मंडळातला संकासुर करणारा नट सत्तरीकडे झुकलेला आहे आणि त्याच्या हाताखाली एक तरुण तयार होतो आहे. मंडळाचं हे वैशिष्ट्य पत्रात यायला हवं होतं, आणि पहिल्या मसुद्यात त्याचा उल्लेखसुद्धा नव्हता. त्यांना ते इतकं रोजचं वाटत होतं की सांगायचं सुचलंच नाही.

परंपरेबद्दल लिहायचंच तर एक ओळ पुरे, आणि ती पुराव्याची हवी. दासबोधात रामदासांनी दशावतारी खेळाचा उल्लेख केला आहे: तिथे सुंदर नारी येतात, डोळे मोडतात, पण ते सगळे असतात धटिंगण. स्त्रीपार्टाबद्दल इतकं नेमकं निरीक्षण सतराव्या शतकातलं! ‘आठशे वर्षे’ खोडून मी ही एक ओळ घातली. मालकांना मात्र ती आवडली नाही, ‘धटिंगण’ या शब्दामुळे. आमच्या स्त्रीपार्टी नटाला दाखवली तर तो खो खो हसला आणि राहू दे म्हणाला, म्हणून राहिली.

आता कागद. या भागात रस फार नाही, पण अर्ज बहुतेक इथेच पडतात.

दशावतारी मंडळ खरं म्हणजे मालकाचं असतं. पेटारा मालकाचा, उचल मालकाची, जत्रांचे मान मालकाच्या घराण्याचे. सरकारला मात्र संस्था लागते. म्हणून कधीतरी सात जणांच्या सह्या घेऊन 1860 च्या कायद्याखाली सोसायटी नोंदवलेली असते, आणि महाराष्ट्रात तशी सोसायटी 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदवावी लागते. आमच्या मंडळाची नोंदणी मालकांच्या वडिलांनी केलेली. सात नावांत वडील अध्यक्ष, काका, दोन मेहुणे, शेजारी, पुजारी आणि मालक स्वतः. वडील वारले, मालक अध्यक्ष झाले, गावाने मानले, देवाने मानले. धर्मादाय कार्यालयाला कुणी कळवलंच नाही.

विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. तो मंजूर झाला की परिशिष्ट एकवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीवर, नवं नाव चढतं. ते चढलेलं नसेल तर कागदोपत्री अध्यक्ष अजून तेच, जे या जगात नाहीत, आणि मालकांनी केलेली सही ही अनधिकृत माणसाची सही. म्हणून पत्राचा पहिला शब्द लिहायच्या आधी परिशिष्ट एकची ताजी नक्कल काढून समोर ठेवावी. आम्ही काढली. सातांपैकी तिघे हयात नव्हते. विलंब माफीच्या विनंतीसह बदल अर्ज दाखल झाला, आणि त्या वर्षीच्या अनुदानाची मुदत त्यातच निघून गेली. मालक चिडले. पण बदल अर्ज प्रलंबित असताना अर्ज रेटून नेला असता तर त्रुटी निघालीच असती आणि पुढच्या वर्षी पुन्हा हेच करावं लागलं असतं. हंगाम एक गेला, काम कायमचं झालं.

दुसरी गोष्ट नावाची. नोंदणी प्रमाणपत्रावर ‘दशावतारी नाट्यमंडळ’, पासबुकावर ‘दशावतार नाट्य मंडळ’, पॅन कार्डावर गावाचं नाव इंग्रजीत वेगळ्याच स्पेलिंगने. आपल्याला हे सगळं एकच वाटतं. पैसे थेट खात्यात जमा होतात तेव्हा ते तीन वेगळे पक्ष ठरतात. बँकेत जाऊन पासबुक आणि पॅन दोन्ही नोंदणीबरहुकूम करून घेतले. माझ्या नोकरीत अशा एका अक्षरापायी परत गेलेली रक्कम मी पाहिलेली आहे, त्यामुळे यात मी कुणाचं ऐकलं नाही.

मग आला प्रयोगांच्या पुराव्याचा प्रश्न. मागच्या वर्षांत किती प्रयोग केले, कुठे, कधी, किती मानधन मिळालं, पुराव्यासह. इथे मालकांनी हात वर केले. “देवाच्या दारात पावती कोण मागतलो?”

जत्रेचा व्यवहार असाच आहे. अमक्या देवळाची रात्र तमक्या मंडळाची, हे आजोबांच्या वेळी ठरलेलं. करार नाही, पत्र नाही. पहाटे दहीकाला झाला की देवस्थानचा माणूस मालकाच्या हातात नारळासोबत पाकीट ठेवतो. तेही मोजून घ्यायचं नाही, वाईट दिसतं. असा व्यवहार चोख असतो, पण फायलीत घालता येत नाही. काही मंडळं यावर सोपा उपाय करतात. छापील पावतीपुस्तक आणून एका बैठकीत, एकाच पेनाने वर्षभराच्या पावत्या फाडतात. ते ओळखायला फार हुशारी लागत नाही: शाई एक, अक्षर एक, आणि पावत्यांचे क्रमांक ओळीने पण तारखा मागेपुढे.

आम्ही दुसरा रस्ता धरला. प्रत्येक देवस्थान समितीकडून एक साधं पत्र आणलं: या मंडळाचा प्रयोग आमच्या देवळात अमुक तिथीला झाला, आख्यान अमुक, मानधन अमुक. जिथे समिती नव्हती तिथे ग्रामपंचायतीचं. ही पत्रं गोळा करताना तिथीची तारीख करायला जुनी पंचांगं काढावी लागली, कारण लोकांच्या लक्षात राहतं ‘कार्तिक वद्य एकादशी’ आणि नमुन्यात लिहायचं असतं दिनांक-महिना-वर्ष. देवळाच्या नोटीस बोर्डावरच्या जत्रेच्या पत्रिका, मुंबईच्या मंडळींनी मोबाइलवर काढलेले फोटो, स्थानिक वर्तमानपत्रातली जत्रेची दोन ओळींची बातमी, हे सगळं जोडीला. ऐंशीच्या ऐंशी रात्रींचा पुरावा जमला नाही. निम्म्याहून थोडा जास्त जमला. मी पत्रात तेवढेच प्रयोग लिहिले. मालक म्हणत होते उरलेलेही झालेच आहेत ना, खोटं कुठे आहे? खोटं नव्हतंच. पण सहपत्रांतली संख्या आणि पत्रातली संख्या जुळली नाही की वाचणारा खऱ्यावरही संशय घेतो.

सगळ्यात गमतीचा रकाना शेवटी होता. नमुना सगळ्या प्रयोगात्मक कलांना मिळून एकच, त्यामुळे त्यात ‘सादर करावयाच्या नाटकाची संहिता’ असंही विचारलेलं.

“खयची संहिता? ती नटाच्या तोंडात आसता.”

ज्यांनी दशावतार जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. संध्याकाळी टेम्पो गावात पोचतो. नट रंगायला बसतात, प्रत्येकजण आपलं तोंड आपणच रंगवतो. तेवढ्यात देवस्थानवाले येऊन सांगतात, आज अमुक आख्यान हवं. किंवा कालच शेजारच्या गावात हेच झालं, दुसरं करा. मग मालक आरशांच्या रांगेमागून कथा सांगत फिरतात: तू राजा, तुझी दोन लग्नं, धाकटीचा तुला मोह, तू थोरली, तुझा मुलगा वनात, राक्षस दुसऱ्या प्रवेशानंतर. एवढंच. पुढे दोन-तीन तास समोर एक बाक असतो आणि त्याच्याभोवती माणसं बोलत राहतात. पुराण ज्याचं पक्कं तो टिकतो. समोरचा लांबवतोय हे ओळखून हार्मोनियमवाला पदाचा सूर धरतो आणि त्याला सावरून घेतो. कालच्या रात्रीचं वाक्य आज येत नाही. याची संहिता द्यायची म्हणजे काय द्यायचं?

भाच्याने तोडगा काढला होता. एका नाटककाराकडून एक आख्यान लिहून घ्यायचं, टाइप करायचं, जोडायचं. पाच हजारांत काम झालं असतं. इथे मात्र मी अडून बसले. एकदा ती संहिता फायलीत गेली की प्रयोग तिच्याशी ताडून पाहायला कुणीतरी येऊ शकतं, आणि ते रास्तच असेल. मग नटांना पाठांतर करायला लावणार का? ज्या एका गोष्टीसाठी हे अनुदान मागतोय तीच आपण आपल्या हाताने पुसणार. मालक यावर माझ्या बाजूने आले, आणि त्यांचं कारण माझ्यापेक्षा चांगलं होतं: पाठ केलेला नट पाठ विसरला की उभा राहतो, आमचा नट कधी उभा राहत नाही.

मग आम्ही काय केलं? रकाना रिकामा ठेवला नाही, कारण रिकामा रकाना म्हणजे त्रुटी. तिथे लिहिलं, ‘सहपत्र क्र. 7 पहावे.’ सहपत्र सातमध्ये मंडळाच्या नेहमीच्या सहा आख्यानांचं कथासार, प्रत्येकी एक पान. पात्रं, प्रवेशांचा क्रम, कुठली पदं कुठे येतात, कोण म्हणतं. वर चार ओळींची टीप. आणि एका पूर्ण रात्रीचं चित्रण, आडदशावतारापासून दहीकाल्यापर्यंत, पेन ड्राइव्हवर. कथासार लिहायला मालक सांगत गेले आणि मी उतरवत गेले. ती संध्याकाळ माझ्या आयुष्यातल्या चांगल्या संध्याकाळींपैकी एक होती, एवढं म्हणून पुढे जाते, कारण पत्र राहिलंय.

मागणी दहा लाखांवरून खाली आली ती अशी. उचलीसाठी पैसे मागता येत नाहीत. खरी अडचण तीच आहे, हे मला मान्य आहे, पण उचल हा खर्च नाही, ते येणं आहे. ते अनुदानात बसत नाही, त्याला स्वस्त कर्ज लागेल, आणि ते वेगळं दार आहे. म्हाताऱ्या संकासुराच्या औषधपाण्याबद्दल मालकांना एक परिच्छेद घालायचा होता. तोही काढला, कारण ज्येष्ठ कलावंतांच्या मानधनाची योजना वेगळी आहे, पन्नाशीच्या पुढच्या कलावंताने ती स्वतः मागायची असते. तो अर्ज मी त्याच दिवशी वेगळा भरून दिला. एका पत्रात दोन दुःखं घातली की दोन्हींची फाइल हरवते.

उरल्या त्या वस्तू, ज्यांचं बिल मिळतं, ज्या मोजता येतात आणि उद्या तपासणीला कुणी आलं तर पेटारा उघडून दाखवता येतात. एक हार्मोनियम 45,000. एक पखवाज 18,000. राजा आणि देवांचे मुकुटांसह चार पोशाख, 48,000. चार पत्र्याचे पेटारे, 16,000. एकूण 1,27,000 रुपये. मालकांच्या घराच्या वर्षाच्या शिलकीइतकीच रक्कम, दोन हजारांनी कमी. हे मी पत्रात मुद्दाम शेजारी शेजारी लिहिलं आणि त्यावर एकही विशेषण घातलं नाही.

पोशाखांवरून एक पेच होता. आमच्या मंडळात शालू, दागिने, केसांचे टोप हे स्त्रीपार्टी नटाचे स्वतःचे. तो मंडळ सोडून गेला की सामान त्याच्याबरोबर जातं. अनुदानातून घेतलेली वस्तू मात्र संस्थेची, जडसंग्रह नोंदवहीत चढवायची, क्रमांक टाकायचा. मग नव्या शालूला क्रमांक टाकला तर तो नट नेसेल का? विचारलं. तो म्हणाला, मंडळाचा शालू मी नेसणार नाही, माझा मला बरा. म्हणून यादीत शालू नाही, फक्त राजे आणि देव आहेत. शिंप्याचाही प्रश्न निघाला. पोशाख शिवणारा आमचा माणूस कागदाच्या चिठोऱ्यावर आकडा लिहून देणारा. त्याला जीएसटी क्रमांक नाही, आणि त्याच्या उलाढालीला तो लागतही नाही. पण नाव, पत्ता, तारीख, कामाचा तपशील आणि सही असलेलं छापील बिलबुक त्याला करून घ्यायला लावलं, आणि पैसे चेकने द्यायचे ठरवलं. कारण खर्च झाल्यावर उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यावर सनदी लेखापालाची सही लागते, आणि तो चिठोऱ्यावर सही करत नाही.

शेवटी पत्र एका पानात मावलं. विषय, संदर्भात जाहिरातीचा दिनांक, आणि खाली:

‘महोदय, आमचे मंडळ सिंधुदुर्ग जिल्ह्यातील जत्रांमध्ये पारंपरिक दशावतार सादर करते. मंडळात कलाकार, वादक व साहाय्यक मिळून तेरा जण आहेत. आम्ही आडदशावतार पूर्ण स्वरूपात सादर करतो. संवाद उत्स्फूर्त असल्याने लिखित संहिता नाही. कथासार व चित्रण सोबत जोडले आहे. एका प्रयोगाचे सरासरी उत्पन्न व खर्च सहपत्र क्र. 4 मध्ये दिला आहे. त्यावरून दिसून येईल की दैनंदिन प्रयोग मंडळ स्वबळावर करू शकते, परंतु वाद्ये व वेशभूषा नव्याने घेणे शक्य होत नाही. यास्तव खालील वस्तूंसाठी भांडवली अनुदान मिळावे, ही विनंती.’

त्याखाली चार वस्तूंचा तक्ता, सहपत्रांची यादी पान क्रमांकांसह, आणि परिशिष्ट एकवर नाव असलेल्या अध्यक्षांची सही. प्रत्येक सहपत्राच्या कोपऱ्यात क्रमांक. दोन प्रती, दुसरीवर आवक क्रमांकासह पोच.

भाच्याला पत्र फार कोरडं वाटलं. ‘स्वबळावर करू शकते’ हे तर त्याला आत्मघातकीच वाटलं: जे करू शकतो त्याला सरकार पैसे का देईल? माझं मत उलट आहे. बुडणाऱ्या मंडळाला दिलेली हार्मोनियम वर्षभरात विकली जाईल, ही भीती देणाऱ्याच्या मनात असतेच. जे मंडळ ऐंशी रात्री उभं राहतं त्याच्याकडे ती वाजत राहील.

यथावकाश त्रुटीपत्र आलं, तीन ओळींचं. संहितेबद्दल त्यात काहीच नव्हतं. हार्मोनियमची तीन दरपत्रकं हवी होती, आम्ही एकच जोडलं होतं. कलाकारांच्या यादीत दोघांचे आधार क्रमांक अपुरे होते. आणि ‘पुढील हंगामातील नियोजित प्रयोगांचे दिनांकनिहाय वेळापत्रक’. पहिल्या दोन गोष्टी आठवड्यात झाल्या. वेळापत्रक घेऊन मी मालकांकडे बसले. त्रिपुरीनंतरच्या रात्री भरभर लिहिल्या गेल्या, माघातले सप्ताह लिहिले. मग एका ठिकाणी ते थांबले. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख पंचांगात नसते, ती देवीच्या कौलावर ठरते. त्या दिवशी अख्खा जिल्हा तिकडे लोटतो, आणि आजूबाजूच्या गावांच्या रात्री त्या तारखेच्या मागेपुढे सरकवाव्या लागतात. म्हणजे त्या पंधरवड्यातल्या पाच-सहा नाईटींची तारीख आत्ता कुणालाच ठाऊक नाही.

मी विचारलं, काय लिहू?

“कौल जालो काय लिवया. तवसर थंय जागा सोड.”

मी जागा सोडली नाही. तिथे लिहिलं: ‘दिनांक श्री भराडीदेवी, आंगणेवाडी यांच्या जत्रेची तारीख जाहीर झाल्यावर सात दिवसांत कळविण्यात येईल.’ आणि मालकांकडून खाली सही घेतली.